सीएस ट्रेनीचा रेझ्युमे: फॉर्मवार की घटनावार?

एकवीस महिन्यांचं ट्रेनिंग संपत आलं की सीएस ट्रेनींच्या हातात साधारण दोन धाटणीचे रेझ्युमे दिसतात. एकात फॉर्मची यादी असते. AOC-4, MGT-7, DIR-12, PAS-3, त्याखाली ‘बोर्ड मीटिंग सपोर्ट’, ‘रजिस्टर्स’, ‘कम्प्लायन्स कॅलेंडर’. दुसऱ्यात दोन-तीन घटना असतात, नोटीस निघाल्यापासून रजिस्टरात नोंद होईपर्यंत उलगडलेल्या. मी दोन्ही बनवले. पहिला घेऊन सात मुलाखती दिल्या, दुसरा घेऊन तीन. एवढ्याशा अनुभवाला मोजमाप म्हणता येणार नाही, त्या बेतानंच वाचा.

फॉर्मवार रेझ्युमेचं आधी बरं सांगतो. तो एका संध्याकाळी होतो, आणि वागळे इस्टेट किंवा ऐरोलीच्या मोठ्या कंपन्यांत पहिली चाळणी एचआर लावतं तेव्हा तोच लवकर नजरेत भरतो. एचआरला घटना समजत नाही, MGT-7 दिसला की टिक होते. जाहिरातीत ज्या फॉर्मची नावं असतात तीच वर ठेवावी, एवढंच त्यात शहाणपण.

माझं मन बिघडलं ते महापेच्या एका मुलाखतीत. समोरच्या मॅडमनी माझ्या यादीतल्या PAS-3 वर बोट ठेवलं.

“किती दिवसांत भरायचा?”

“तीस, मॅडम.”

“कायम?”

मी गप्प. नौपाड्यातल्या ऑफिसात मी एकच राइट्स इश्यू हाताळला होता, त्यात तीसच दिवस होते. प्रायव्हेट प्लेसमेंट असेल तर तोच फॉर्म पंधरा दिवसांत जातो, आणि तो जाईपर्यंत आलेल्या पैशाला कंपनीला हातही लावता येत नाही. हे मी अभ्यासात वाचलं होतं, पण त्या क्षणी आठवलं नाही. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “मग तुम्ही यातलं नक्की काय केलंत?” आणि बाकीची पंधरा मिनिटं मी जे केलं नव्हतं त्यावरच गेली.

घरी येताना ठाणे-वाशी लोकलमध्ये तेच डोक्यात घोळत होतं. फॉर्मच्या नंबराला स्वतःची मुदत नसते, मुदत घटनेची असते. यादीत नुसता नंबर टाकला की त्यामागे उभ्या असलेल्या सगळ्या घटनांची जबाबदारी आपण न मागता अंगावर घेतो. समोरचा कुठंही बोट ठेवू शकतो आणि आपण केलेलं काम नेमकं त्या बोटाखाली येईलच असं नाही.

त्या रात्री घटनावार बनवायला घेतला. तोच राइट्स इश्यू. रेझ्युमे आपण इंग्रजीतच लिहितो, पण मजकूर मराठीत सांगतो: ‘एका प्रायव्हेट कंपनीचा राइट्स इश्यू: ऑफर लेटरचा मसुदा, वाटपाच्या बैठकीची नोटीस व अजेंडा, वाटप २ ऑगस्ट, रजिस्टर ऑफ मेंबर्समध्ये नोंद ७ ऑगस्ट, PAS-3 चा मसुदा व जोडपत्रं तयार करून २० ऑगस्टला अपलोड, शेअर सर्टिफिकेटं दोन महिन्यांच्या आत.’ वाटपापासून सात दिवसांत MGT-1 मध्ये नोंद, तीस दिवसांत फॉर्म, दोन महिन्यांत सर्टिफिकेट, या तिन्ही मुदती तारखांतूनच दिसतात. वाचणाऱ्याला माझ्या ‘मुदतींची जाण’ वगैरेवर विश्वास ठेवावा लागत नाही.

यातला ‘मसुदा’ हा शब्द मी मुद्दाम ठेवला. ट्रेनी फॉर्म ‘फाइल’ करत नाही. डीएससी डायरेक्टरचा, आणि जिथं सर्टिफिकेशन लागतं तिथं आपल्या सरांचा. ‘६५ फॉर्म फाइल केले’ असं वाचलं की अनुभवी सेक्रेटरी मनातल्या मनात हसतो.

रजिस्टरांच्या बाबतीत फरक अजून मोठा. ‘स्टॅच्युटरी रजिस्टर्स मेन्टेन केली’ हे वाक्य तर मी एक महिना रजिस्टर उघडलं नव्हतं तेव्हाही माझ्या रेझ्युमेत होतं. घटनावारमध्ये ते लिहिताच येत नाही, कारण नोंदीची तारीख टाकावी लागते. वाटपाची बैठक झाली आणि रजिस्टर कोरं, तर तुमच्या ओळीतच भोक पडतं. माझ्या दुसऱ्या घटनेत, एका डायरेक्टरच्या राजीनाम्यात, असंच पडलं. DIR-12 वेळेत गेला होता, डायरेक्टरांच्या रजिस्टरात त्याचं नाव मात्र तसंच होतं. ते मी रेझ्युमे लिहिताना पकडलं आणि दुसऱ्या दिवशी सरांना सांगून नोंद केली.

कॅलेंडरसाठी मी एकच ओळ ठेवली, पण ती जोखून घेतलेली. आमच्याकडे काही क्लायंट स्मॉल कंपन्या होत्या, काही नव्हत्या. स्मॉल कंपनीला वर्षाच्या प्रत्येक अर्ध्यात एक बोर्ड मीटिंग पुरते, पण दोघींमध्ये कमीत कमी ९० दिवस हवेत. बाकीच्यांना वर्षाला चार, आणि दोन बैठकींत जास्तीत जास्त १२० दिवस. एकीकडे किमान, दुसरीकडे कमाल. दोघांना एकाच शीटवर एकच सूत्र लावलं की चूक ठरलेली. आमच्या एका कंपनीची बैठक १२ जूनला झाली होती, म्हणजे पुढची १० ऑक्टोबरच्या आत. नोटीस किमान सात पूर्ण दिवस आधी, म्हणजे शेवटची तारीख २ ऑक्टोबर, आणि त्या दिवशी गांधी जयंती. त्याआधी ३० सप्टेंबर, म्हणजे एजीएमची गर्दी. म्हणून माझ्या शीटवर नोटिशीची आठवण २५ सप्टेंबरला यायची. ‘स्मॉल व इतर कंपन्यांचं वेगळं बैठक-कॅलेंडर, आठवण नोटिशीच्या तारखेवर’ ही ओळ वाचून बेलापूरच्या एका सरांनी माझ्याकडे शीटच मागितलं. नाव पुसून दाखवलं.

घटनावारला तोटे आहेत. वेळ खूप लागतो, पहिल्याला दोन दिवस गेले. तीन घटना झाल्या की पान भरतं, आणि तुम्ही केलेलं DPT-3, MSME-1 सारखं नेमाचं काम बाहेर राहतं. ज्यांचं सगळं ट्रेनिंग वार्षिक फाइलिंगमध्येच गेलं, त्यांना कदाचित फॉर्मवारच सोयीचा पडेल, त्यांना मी आग्रह करणार नाही. मी स्वतः शेवटी पानाच्या तळाशी एक ओळ फॉर्मच्या नंबरांना दिली, एचआरपुरती, आणि त्यात फक्त तेच नंबर ठेवले ज्यांच्यावर कुणी बोट ठेवलं तर मला आनंद होईल.

एक खबरदारी मात्र घटनावारमध्येच घ्यावी लागते. क्लायंटचं नाव गाळणं पुरत नाही. पहिल्या मसुद्यात मी ‘अंबरनाथची रसायन कंपनी’ आणि ‘राइट्स इश्यू’ एवढंच लिहिलं होतं, आणि वाशीच्या मुलाखतीत समोरच्यांनी हसत विचारलं, “अमुक का रे?” नाव बरोबर होतं. मी काही बोललो नाही. त्या दिवसापासून गाव आणि धंदा दोन्ही काढलेत, वर्ष आणि कंपनीचा प्रकार तेवढा राहू दिलाय.