क्लॅरिथ्रो की अझिथ्रो, स्टॅटिन चालू असताना?

काकांना कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी, ॲटोरव्हास्टॅटिन ४० मिग्रॅ चालूये, छातीत इन्फेक्शन झालं, डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहिलं, आणि चुलतबहिणीने विचारलं, हे की अझिथ्रोमायसिन?

स्टॅटिनशी पटण्यात मोठा फरक आहे. ॲटोरव्हास्टॅटिन, सिम्वास्टॅटिन लिव्हरमधल्या CYP3A4 या एन्झाइमने मोडतं, क्लॅरिथ्रो (एरिथ्रोमायसिनसुद्धा) तेच अडवतं, मग रोजचीच गोळी रक्तात साठत जाते आणि क्वचित स्नायू विरघळून किडनीवर येतं. सिम्वासोबत क्लॅरिथ्रो चालतच नाही, ॲटोरव्हाचा डोस २० च्या वर नको. अझिथ्रो ते एन्झाइम जवळपास अडवत नाही, कोर्सही बहुधा ३ ते ५ दिवसांचाच. पण हार्टबीटचा त्रास असेल तर दोन्ही जपून, तिथे डॉक्टर डॉक्सिसायक्लिनसारखं दुसरं काही बघतात.

मांड्या-खांदे ठणकले, जिना चढवेना, लघवी चहाच्या काढ्यासारखी झाली तर लगेच दवाखाना, रक्ताची CPK टेस्ट, स्नायूंना इजा झालीय का ते कळायला.

म्हणून काकांसाठी डॉक्टरांना विचारून अझिथ्रो. पण पोटातल्या एच पायलोरी या जंतूवरच्या कोर्समध्ये क्लॅरिथ्रोच लागत असेल तर तेवढे दिवस स्टॅटिन थांबवायचं का ते विचारा, थोडे दिवस थांबवून सहसा बिघडत नाही, फक्त नुकताच अटॅक येऊन गेला असेल तर स्वतःच्या मनाने नको.