जाहिरातीचा व्हिडिओ १२ सेकंदांचा की ४० सेकंदांचा? ‘पूर्ण पाहणी’च्या टक्क्यावरून ठरवू नका

सिद्धेश्वर यात्रेच्या तोंडावर सोलापुरी चादरी विकणाऱ्या एखाद्या दुकानदारापुढे फेसबुकच्या फीडसाठी दोन व्हिडिओ आहेत, असे समजू. पहिला १२ सेकंदांचा असून त्यात भाव आणि पत्ता पडद्यावर लिहिलेला आहे. दुसरा ४० सेकंदांचा आहे. त्यात मागावर विणकाम चालू असते आणि दुकानदार स्वतः माहिती सांगतो.

समजण्यासाठी आकडे धरू. दोन्ही व्हिडिओ १०,००० वेळा आपोआप सुरू झाले आणि दोन्ही ३,००० वेळा तीन सेकंदांपुढे गेले. पहिला १,२०० वेळा शेवटपर्यंत चालला, दुसरा ३००. म्हणजे पूर्ण पाहणी १२ टक्के आणि ३ टक्के. मात्र छेदात तीन सेकंदांची पाहणी घेतली, तर तेच प्रमाण ४० आणि १० टक्के होते. कोणी ‘४० टक्के लोकांनी पूर्ण पाहिला’ असे सांगितले, तर कशाच्या ४० टक्के, हे आधी विचारावे. व्हिडिओ आपोआप सुरू होतो तेव्हा नुसते बोट सरकवत पुढे गेलेलेही छेदात येतात. बटण दाबून पाहणाऱ्यांच्या काळात तसे नव्हते. २०१६ मध्ये खुद्द फेसबुकने मान्य केले की, सरासरी पाहणीवेळ काढताना तीन सेकंदांपेक्षा कमी पाहिलेले छेदातून वगळल्यामुळे आकडा फुगला होता.

चौपट फरक दिसतो, पण तो बराचसा लांबीचा आहे. फेसबुकच्या जाहिरात-अहवालात व्हिडिओच्या २५, ५०, ७५ टक्क्यांचे टप्पे मिळतात, त्यामुळे पहिल्याचा ७५ टक्क्यांचा टप्पा (नववा सेकंद) दुसऱ्याच्या २५ टक्क्यांशी (दहावा सेकंद) ताडून पाहावा. तेथे १,४०० आणि १,३०० असे आकडे आले, तर दोन्ही व्हिडिओंची पकड जवळजवळ सारखीच आहे. त्याच अहवालातील ‘थ्रूप्ले’ या पाहणीच्या आकड्यावर विसंबणेही धोक्याचे, कारण १५ सेकंदांहून लहान व्हिडिओसाठी तो पूर्ण पाहणी मोजतो आणि मोठ्यासाठी किमान १५ सेकंद.

आवाजाचा प्रश्न याहून अवघड आहे. आवाज बंद ठेवून ४० सेकंद पाहणाऱ्याने माग पाहिला, भाव मात्र ऐकलाच नाही; तरीही तो ‘पूर्ण’मध्येच मोजला जातो. म्हणून दुसऱ्या व्हिडिओच्या दोन प्रती कराव्यात, एकीत बोलणे अक्षरांत उमटवावे, आणि दोन्ही सारख्याच प्रेक्षकवर्गाला, सारख्या खर्चात दाखवाव्यात. पूर्ण पाहणी सारखी राहूनही अक्षरे असलेल्या प्रतीवरून चौकशीचे संदेश स्पष्टपणे जास्त आले, तर आधीची प्रत मुकीच पाहिली जात होती, असा अंदाज बांधता येतो. चौकशा मोजक्याच असतील, तर त्या फरकावर फार भार टाकू नये.

भाव आणि पत्ता एवढेच सांगायचे असेल, तर माझा कौल १२ सेकंदांना आहे. विणकाम दाखवून चादरीचा जास्त भाव पटवायचा असेल, तर ४० सेकंदांचा घ्यावा. मात्र भाव पहिल्या दहा सेकंदांत पडद्यावर लिहावा.