काँपिटिटिव्ह की नॉन-काँपिटिटिव्ह? सब्स्ट्रेट वाढवा आणि बघा

एन्झाइमच्या रिअ‍ॅक्शनमध्ये इन्हिबिटर, म्हणजे एन्झाइमला अडवणारा रेणू टाकला, रेट पडला, आता हा नक्की कुठला प्रकार हे एका रीडिंगवरून ठरवायला जाऊ नका, हमखास फसाल.

आधी एन्झाइम काय करतं ते बघू. ज्या रेणूवर एन्झाइम काम करतं तो सब्स्ट्रेट, त्याचं प्रॉडक्ट होताना मध्ये ट्रान्झिशन स्टेट या अर्धवट अवस्थेची एनर्जीची टेकडी लागते, एन्झाइम त्या अर्धवट अवस्थेलाच सगळ्यात घट्ट धरतं म्हणून टेकडी बुटकी होते. २५ अंशांना अ‍ॅक्टिव्हेशन एनर्जी, म्हणजे या टेकडीची उंची, साधारण ५.७ किलोज्यूल प्रति मोल उतरली की रेट दहापट, म्हणजे ३४ उतरली तर दहा लाख पट! इक्विलिब्रियम मात्र जागचं हलत नाही, तिथे फक्त लवकर पोचतो.

काँपिटिटिव्ह इन्हिबिटर सब्स्ट्रेटसारखा दिसतो आणि अ‍ॅक्टिव्ह साइटवरच, म्हणजे सब्स्ट्रेट बसतो त्याच जागी, जाऊन बसतो, सक्सिनेट डिहायड्रोजिनेजमध्ये मॅलोनेट हेच करतं. तो बसलाय तोवर त्या रेणूत सब्स्ट्रेटला एन्ट्री नाही, पण तो उठला की एन्झाइम आधीसारखंच चालतं. नॉन-काँपिटिटिव्ह दुसरीकडे चिकटतो, सब्स्ट्रेट आत येऊन बसतो खरा पण टेकडी काही ओलांडता येत नाही, त्यामुळे तेवढे रेणू असून नसल्यासारखे.

आता आकडे घेऊ. व्हीमॅक्स म्हणजे एन्झाइमचा जास्तीत जास्त रेट, केएम म्हणजे ज्या सब्स्ट्रेटला रेट त्याच्या निम्मा होतो तो आकडा, आणि केआय म्हणजे जेवढ्या इन्हिबिटरला निम्मं मोकळं एन्झाइम अडतं तेवढं प्रमाण. समजा व्हीमॅक्स १००, केएम २ मिलिमोलर, आणि इन्हिबिटर बरोबर त्याच्या केआयइतका टाकलाय. सब्स्ट्रेट २ असताना इन्हिबिटरशिवाय रेट ५०, काँपिटिटिव्हमध्ये ३३, नॉन-काँपिटिटिव्हमध्ये २५. दोन्हीकडे रेट पडलाच ना, मग ओळखणार कसं? सब्स्ट्रेट २० करा. आता इन्हिबिटरशिवाय ९१, काँपिटिटिव्हमध्ये ८३, म्हणजे गेलेलं बरंचसं परत आलं, कारण गर्दीत सब्स्ट्रेटच जिंकतो. नॉन-काँपिटिटिव्हमध्ये फक्त ४५, आधीही निम्मा आणि आताही निम्माच, कितीही ओता. पहिल्यात केएम २ चा ४ दिसतो आणि व्हीमॅक्स तसाच राहतो, दुसऱ्यात व्हीमॅक्स ५० वर येतो आणि केएम तसाच.

लाइनविव्हर-बर्क प्लॉटवर, म्हणजे १/सब्स्ट्रेट विरुद्ध १/रेट अशा आलेखावर, इन्हिबिटरशिवायची आणि इन्हिबिटरसहची रेषा काढली तर काँपिटिटिव्हच्या रेषा वाय अक्षावर भेटतात, शुद्ध नॉन-काँपिटिटिव्हच्या एक्स अक्षावर. मला स्वतःला हा प्लॉट फारसा आवडत नाही, कमी सब्स्ट्रेटच्या रीडिंगमधली बारीकशी चूक त्यात फुगून दिसते, त्यापेक्षा कॉम्प्युटरवर सरळ कर्व्ह फिट करा.

आणि व्हीमॅक्स पडला म्हणून लगेच नॉन-काँपिटिटिव्ह लिहून मोकळं होऊ नका. एन्झाइमला कायमचं चिकटून बसणारा इरिव्हर्सिबल इन्हिबिटरही अगदी असंच चित्र देतो. मिश्रण भरपूर डायल्यूट करून किंवा डायलिसिस करून पुन्हा रेट मोजा, अ‍ॅक्टिव्हिटी परत आली तर चिकटणं तात्पुरतं होतं, नाही आली तर ते एन्झाइम बहुतेक गेलं. शिवाय व्हीमॅक्स आणि केएम दोन्ही हलले तर ती बहुधा मिक्स्ड केस असते, आणि खऱ्या डेटात शुद्ध नॉन-काँपिटिटिव्हपेक्षा तीच जास्त भेटते.