पीजीडब्ल्यूपीचा अर्ज ‘भरलाय’ म्हणून सांगणारा एजंट

ऑन्टॅरिओतल्या एका कॉलेजात मी दोन वर्षांचा डिप्लोमा केला. 6 मे 2024 ला कॉलेजचं कोर्स पूर्ण झाल्याचं पत्र आलं. स्टडी परमिटवर तारीख होती 30 सप्टेंबर. पुढे कॅनडात काम करायला पोस्ट-ग्रॅज्युएशन वर्क परमिट, म्हणजे पीजीडब्ल्यूपी लागतं आणि ते आयुष्यात एकदाच मिळतं. म्हणून हा अर्ज माहितगार माणसाकडून भरून घ्यावा असं ठरवलं. ब्रॅम्प्टनला एक जण होता, आपल्याकडचाच, बोलायला गोड. ‘भाऊ, टेन्शन घेऊ नकोस, 180 दिवस असतात’ म्हणाला. सहाशे डॉलर घेतले, त्यात सरकारी फी धरलेली, असं त्याचं म्हणणं. मेअखेरीस त्याने व्हॉट्सॲपवर एक पावती आणि ‘निकाल येईपर्यंत काम करता येईल’ असं एक पत्र पाठवलं. मी एका गोदामात फुल टाइम कामाला लागलो.

180 दिवसांची गोष्ट खोटी नव्हती, अर्धी होती, आणि अर्धं खरं पकडायला फार अवघड जातं. कोर्स पूर्ण झाल्याचं कळल्यापासून 180 दिवसांत पीजीडब्ल्यूपीचा अर्ज करता येतो, हे बरोबर. पण स्टडी परमिट तेवढे दिवस टिकत नाही. परमिटवर छापलेली तारीख किंवा कोर्स पूर्ण झाल्यानंतरचे 90 दिवस, यांपैकी जे आधी येईल तेव्हा ते संपतं. म्हणजे माझं परमिट 30 सप्टेंबरला नाही, 4 ऑगस्टलाच संपणार होतं. आणि निकालाची वाट बघताना फुल टाइम काम करायचा हक्क मिळतो तो परमिट जिवंत असताना अर्ज केला असेल तरच. अर्जच केलेला नसेल, तर कोर्स संपल्यापासूनचं सगळं काम बेकायदा.

भांडं फुटलं ते सिन नंबरामुळे, म्हणजे कॅनडात नोकरी करायला लागणाऱ्या सोशल इन्शुरन्स नंबरामुळे. परदेशी विद्यार्थ्यांचा सिन 9 ने सुरू होतो आणि त्याला परमिटवर छापलेल्या तारखेपर्यंतच मुदत असते. सप्टेंबरात एचआरने नवा पुरावा मागितला. मी एजंटने पाठवलेलं पत्र दिलं. तिथल्या बाईंनी ते माझ्या स्टडी परमिटशेजारी ठेवलं आणि विचारलं, ‘हा UCI तुझा आहे का?’ नव्हता. दुसऱ्याच कुणाच्या तरी पत्रावर माझं नाव चिकटवलं होतं. UCI म्हणजे इमिग्रेशन खात्याने माणसाला दिलेला नंबर. तो स्टडी परमिटवर छापलेला असतो आणि पुढच्या प्रत्येक कागदावर तोच येतो. एवढी एक तुलना पुरेशी होती.

मग GCKey, म्हणजे ज्यातून अर्ज भरतात त्या सरकारी ऑनलाइन खात्यात लॉगिन करायला गेलो तर पासवर्ड चालेना. खातं एजंटनेच उघडलं होतं, ईमेलही त्याचाच. अर्ज खरोखर गेलेला असता तर खात्यात W ने सुरू होणारा अर्ज क्रमांक आणि सरकारी फीची पावती दिसली असती. त्या वेळी फी 255 डॉलर होती: वर्क परमिटचे 155 आणि ओपन परमिटचे 100. एजंटचा फोन तोवर लागायचा बंद झाला होता.

कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसमधल्या सल्लागार मॅडमनी पहिलं वाक्य सांगितलं, ‘काम आजच थांबव.’ नंतर हिशोब मांडला. स्टेटस, म्हणजे कॅनडात कायदेशीर राहण्याचा दर्जा, गेल्यापासून 90 दिवसांच्या आत ते परत मागता येतं, म्हणजे 2 नोव्हेंबरपर्यंत. पीजीडब्ल्यूपीचे 180 दिवसही त्याच दिवशी संपत होते. दोन्ही अर्ज एकत्र, स्टेटसची फी वेगळी, आणि सोबत झालेलं काम न लपवता सांगणारं पत्र. ते पत्र वकिलाकडून लिहून घेतलं. 1 नोव्हेंबरपासून पीजीडब्ल्यूपीला भाषेच्या परीक्षेचा निकाल जोडायची नवी अट लागू होणार होती, म्हणून ऑक्टोबरातच अर्ज सादर केला. स्टेटस परत द्यायचं की नाही हे अधिकाऱ्याच्या हातात असतं. तोवर काम करता येत नाही, आणि ब्रॅम्प्टनचं घरभाडं काही थांबत नाही. घरून पैसे मागवले.

या एजंटकडे परवाना नव्हता. पैसे घेऊन असं काम करायचं तर वकील (ऑन्टॅरिओत पॅरालीगलही) किंवा परवानाधारक सल्लागार असावं लागतं. सल्लागाराचा नंबर R ने सुरू होतो आणि कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स या परवाना देणाऱ्या संस्थेच्या साइटवरच्या यादीत नाव टाकलं की तो आज चालू आहे की नाही ते दिसतं. खरा सल्लागार तुमच्याकडून IMM 5476 या फॉर्मवर सही घेतो, कारण त्याचं नाव अर्जावर प्रतिनिधी म्हणून जातं. माझा म्हणाला होता, ‘फॉर्म कशाला, तुझ्याच नावाने भरू, लवकर होतं.’ स्वतःचं नाव कुठेच येऊ नये म्हणूनची ती सोय होती.

परमिट पुढच्या वर्षी आलं. सहाशे डॉलर आले नाहीत.