४५ महिने वापरलेला फोन: स्पीकरला शून्य, बाकीचं वाचा

मॉडेल तेच, ३२ जीबीवालं. कॅमेरा-बिमेऱ्याचं सगळ्यांना ठाऊकच आहे. माझी तक्रार पहिल्या दिवसापासून स्पीकरची. आवाज एवढा बारीक की शेतात रिंग वाजली तर बांधावरच्या कुत्र्यालाही कळत नाही.

दिवाळीनंतर फोन भरला. नवा घ्यायला पैसे नाहीत, म्हणून फॉरवर्डचे व्हिडिओ पुसत बसलो. पुसता पुसता बायकोच्या चॅटवर आलो. ती जाऊन दोन वर्षं झाली. वर सरकवत गेलो, तर एका व्हॉइस मेसेजवरचा माइक हिरवाच. म्हणजे मी तो कधी ऐकलाच नव्हता! २२ सेकंदांचा. त्या दिवशी मेसेज उघडायच्या आधीच घरी पोचलो असणार.

ऐकणार, तेवढ्यात बॅटरी संपली. चार्जर लावला, काही नाही. दुसरा लावला, तरी नाही.

सर्व्हिस सेंटर जळगावला. पारोळ्याहून एसटीनं गेलो. तिथला पोरगा म्हणे, "काका, बोर्ड गेला. ३८०० लागतील, आणि डेटा राहणार नाही." सही करायला कागदही पुढे केला. मी फोन उचलला आणि निघालो. तेव्हाच एक स्टार द्यायचं ठरवलं होतं.

मत बदललं ते आमच्या स्टँडजवळच्या टपरीवर. त्यानं फोन बंद आहे ना ते बघितलं, चार्जिंगच्या भोकात लाकडी टूथपिक घातली आणि दाबून बसलेला कापसाचा बोळा बाहेर काढला. वेचणीच्या दिवसांत फोन खिशातच असतो. पिन पूर्ण आत जात नसेल, हलत असेल, तर आधी हे बघा. ३० रुपये घेतले. मी ५० दिले, आयुष्यात पहिल्यांदा.

तरी भीती जाईना. फोनमध्ये रात्री आपोआप होणाऱ्या बॅकअपमध्ये नुसतं लिहिलेलं असतं, आवाजाची फाइल नसते. भाच्यानं कॉम्प्युटरला केबल लावून WhatsApp Voice Notes नावाचं फोल्डर शोधलं. नावातच तारीख असते: PTT-20220814-WA0007.opus. दोन पेन ड्राइव्हवर कॉपी केली. टीव्हीला लावली तर वाजेना, पोटात गोळा आला. भाचा म्हणे, "मामा, टीव्हीला हा प्रकार समजत नाही, फाइल चांगली आहे." कॉम्प्युटरवर दोन्ही ठिकाणची वाजवून दाखवली, पण पहिलं वाक्य कानावर पडताच मी बंद करायला लावली.

घरी येऊन एकट्यानं ऐकली. मागे कुकरची शिट्टी. "आयकतस का, येतांना दळन लई या. कळनानं पीठ सरी गयं. आनि घरमा कोनी नसताना पंखा चालूच! बिल कोन भरी?"

तीन स्टार देतो. स्पीकरचं मत मात्र बदललेलं नाही. वरचा पंखा फिरत असला तर त्यातलं एक अक्षर ऐकू येत नाही, उठून बंद करावा लागतो.