बटरमिल्कच्या जागी दही की लिंबू पिळलेलं दूध? केकच्या जाळीवरून ठरवा

बाहेरच्या रेसिपीत 'एक कप बटरमिल्क' दिसलं की आपल्याकडे दोनच रस्ते असतात, एक म्हणजे दुधात लिंबू पिळून दहा मिनिटं ठेवायचं आणि दुसरा म्हणजे दही पातळ करून घालायचं. दोन्ही चालतं असं सगळे सांगतात आणि चालतं पण, केक फुगतो, खाल्ला जातो, कोणी तक्रार करत नाही. पण एकाच रेसिपीचे दोन केक शेजारी शेजारी ठेवून कापले ना, की लगेच कळतं हे दोन वेगळे पदार्थ आहेत. रंग वेगळा, भोकं वेगळी, दुसऱ्या दिवशीची चव तर फारच वेगळी. त्यामुळे कुठलं घ्यायचं हे फ्रीजमध्ये काय पडलंय यावर सोडू नका, केक कसा हवाय ते आधी ठरवा.

आधी एक गोष्ट, जेवणानंतर पितो ते ताक यात घालायचं नाही. रेसिपीतलं बटरमिल्क हे विरजण लावून आंबवलेलं, दाटसर, चमच्यावरून सावकाश ओघळणारं असतं. आपलं ताक म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी, आणि पाकिटातल्या मसाला ताकात मीठ, जिरं, हिंग, कधी मिरचीसुद्धा, ते व्हॅनिला केकमध्ये गेलं तर बघायलाच नको. हां, घरी सायीचं दही घुसळून लोणी काढता आणि खाली जाडसर आंबट ताक उरतं, त्यात पाणी फार ओतलेलं नसेल तर ते मात्र बिनधास्त वापरा, ते खरंच जवळचं आहे.

आता मुद्दा. बटरमिल्क केकला आंबटपणा देतं ते चवीपेक्षा जास्त खायच्या सोड्यासाठी. सोड्याला आम्ल मिळालं की गॅस सुटतो, तो पिठात अडकतो, केक फुगतो. आम्ल पुरेसं असेल तर सोडा पूर्ण संपतो. कमी पडलं तर उरलेला सोडा केकमध्येच बसून राहतो आणि सगळी गडबड तिथून सुरू होते. एक कप बटरमिल्क साधारण अर्धा टीस्पून सोडा संपवतं, म्हणून बहुतेक रेसिपीत हीच जोडी दिसते.

दह्याचं माप असं, पाऊण कप दही आणि पाव कप पाणी किंवा दूध, गुठळी राहणार नाही असं फेटून एक कप करायचं. दही व्यवस्थित आंबट असेल तर ते जवळपास अर्धा टीस्पून सोडा सांभाळतं. लिंबाचं माप असं, कपात एक टेबलस्पून रस आणि वर दूध, एकूण एक कप, म्हणजे २४० मिली. इथे बऱ्याच जणांची फसगत होते, कारण लिंबू जिभेला दह्यापेक्षा कितीतरी आंबट लागतं म्हणून वाटतं यात आम्ल भरपूर असणार. पण १५ मिली रसात ५-६ टक्के सायट्रिक आम्ल, म्हणजे जेमतेम पाऊण ते एक ग्रॅम, आणि तेवढ्यात पाव टीस्पून सोडा संपतो, फार तर थोडा जास्त. म्हणजे बटरमिल्कच्या निम्मं काम. दूध फाटलं, छान कण दिसले, म्हणून झालं असं नसतं, फाटणं म्हणजे दुधातलं प्रोटीन आम्लामुळे गोळा झालं एवढंच, त्यात सोड्याला पुरेल इतकं आम्ल आहे का हे त्यावरून कळत नाही.

एक साधा केक घेऊ म्हणजे नीट दिसेल. दीड कप मैदा, पाऊण कप साखर, अर्धा कप तेल, एक कप बटरमिल्क, एक टीस्पून बेकिंग पावडर, अर्धा टीस्पून सोडा, व्हॅनिला. अंडं नाही, मुंबईत अर्ध्या बिल्डिंगला एगलेसच लागतो. ओटीजीत १७० वर साधारण पस्तीस मिनिटं. एक दह्याचा, एक लिंबाच्या दुधाचा, बाकी काही बदललेलं नाही.

लिंबाचा केक वरून लवकर आणि जास्त तपकिरी होतो, बघायला एकदम मस्त दिसतो, खरं सांगायचं तर फोटो त्याचाच चांगला येतो. पण कापल्यावर आतला रंग पिवळट, अंडं घातलंय की काय असं वाटावं इतका. भोकं मोठी, लहानमोठी, सुरी फिरवली की भुगा पडतो. आणि घास संपल्यावर जिभेच्या मागे साबणासारखी चव राहते, ती गरम असताना कळत नाही, गार झाल्यावर कळते. हा सगळा उरलेल्या सोड्याचा प्रताप. सोडा उरला की पीठ अल्कधर्मी होतं, त्यात मैद्याचा रंग पिवळा पडतो, वरचा थर जास्त भाजला जातो, आणि केक सेट व्हायला वेळ घेतो, तोवर आतले छोटे बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात.

दह्याचा केक वरून फिकट सोनेरी, कधीकधी तर भाजला गेलाय की नाही अशी शंका यावी इतका फिका. आत पांढरट, जाळी बारीक आणि एकसारखी, बोटाने दाबलं की परत वर येतो आणि तुकडा मोडताना भुगा कमी पडतो. थोडं आम्ल शिल्लक राहिलं की पिठातलं प्रोटीन लवकर घट्ट होतं, बुडबुडे लहान असतानाच जागच्या जागी अडकतात, म्हणून ही बारीक जाळी. ग्लुटेनसुद्धा आम्लात नरम पडतं त्यामुळे केक चिवट होत नाही. शिवाय दही दाट, त्यात दुधाचं घट्ट सगळं टिकून, त्यामुळे ओलावा दुसऱ्या दिवशीपर्यंत राहतो. फक्त एक, लवकर सेट होतो म्हणून उंची किंचित कमी येऊ शकते, आणि दही फारच आंबट झालेलं असेल तर केकला सरळ दह्याची चव येते, मुलं लगेच ओळखतात.

मग लिंबू बादच का? नाही. सोडा निम्मा करायचा एवढंच. वरच्या केकमध्ये लिंबाच्या दुधाबरोबर सोडा पाव टीस्पून घ्या, आणि जो पाव टीस्पून काढला त्याच्या बदल्यात एक टीस्पून बेकिंग पावडर वाढवा, म्हणजे एकूण दोन. बेकिंग पावडरमध्ये तिचं आम्ल तिच्यातच असतं, त्यामुळे ती दुधाकडून काही मागत नाही. असं केलं की पिवळेपणा जातो, साबण जातो, जाळी बरीच बारीक होते. दह्याइतका ओलसर तरीही होत नाही, पण हलका होतो आणि ज्यांना दह्याच्या केकचा तो जरासा घट्टपणा आवडत नाही त्यांना हाच आवडेल. उलट मार्ग, म्हणजे सोडा तसाच ठेवून लिंबूच दोन टेबलस्पून घालणं, हिशोबात बसतं पण केक लिंबाचा लागतो. लेमन केकच करायचा असेल तर उत्तमच की, किसलेली सालही घाला.

चॉकलेट केकमध्ये फरक कमी दिसतो. साधी कोको पावडर स्वतः आंबट असते, ती थोडा सोडा संपवते, आणि पिवळेपणा त्या रंगात दिसतच नाही. तिथे घरात जे आहे ते घ्या. डच प्रोसेस्ड कोको असेल तर मात्र हे लागू नाही, त्यातलं आम्ल आधीच मारलेलं असतं.

दह्याची खरी अडचण दुसरीच आहे, ते रोज वेगळं असतं. लिंबाचा रस मोजला की मोजला, थोडाफार फरक सोडला तर तोच. दही मात्र मुंबईच्या मे महिन्यात ओट्यावर संध्याकाळपर्यंत राहिलं तर डोळे मिटतील इतकं आंबट, आणि जानेवारीत तेच सकाळी लावलेलं रात्रीपर्यंत गोडच. डेअरीतलं दही, पाऊचमधलं, प्लास्टिकच्या डब्यातलं, सगळ्यांचा आंबटपणा वेगळा, त्यामुळे चमचाभर चाखून बघितल्याशिवाय वापरू नका. कढी करावीशी वाटेल इतकं आंबट असेल तर अर्धं दही आणि अर्धं दूध असं एक कप करा, सोडा तसाच. अगदी ताजं गोड दही असेल तर एक टीस्पून लिंबू त्यातच पिळा, नाहीतर तेच सोडा उरण्याचं लफडं. श्रीखंडासाठी टांगलेला चक्का किंवा ग्रीक योगर्ट असेल तर निम्म्याला निम्मं दूध घालून ओघळेल इतकं सैल करा.

आणि कप म्हणजे कप, वाटी नव्हे. आपली आमटीची वाटी दीडशे मिलीच्या आसपासची असते, दूध वाटीने आणि सोडा चमच्याने मोजला की प्रमाण गेलंच. चमचा पण पोह्याचा नको, ५ मिलीचा टीस्पून, वरून सपाट केलेला.

लिंबासाठी दूध गरम नको, नाहीतर पनीर होतं. उकळून गार केलेलं, खोलीच्या तापमानाचं दूध घ्या, बारीक कण आले तर पिठात दिसत नाहीत. सोया मिल्क घेणाऱ्यांना लिंबूच बरं, तेही छान फाटतं. लिंबाऐवजी पांढरं व्हिनेगर तेवढंच घातलं तरी हिशोब जवळपास तोच, उन्हाळ्यात लिंबाचे भाव चढतात तेव्हा उपयोगी पडतं.

पॅनकेकला मात्र मी सरळ दही सांगेन, फार विचार न करता. इथे आम्लाइतकाच दाटपणा महत्त्वाचा. एक कप मैदा, एक कप पातळ केलेलं दही, एक अंडं, एक टेबलस्पून साखर, दोन टेबलस्पून वितळलेलं बटर, एक टीस्पून बेकिंग पावडर, पाव टीस्पून सोडा, चिमूट मीठ. हे पीठ तव्यावर टाकलं की जागीच राहतं, उंच फुगतं. लिंबाच्या दुधाचं पीठ आंबोळीसारखं पसरतं, वर भोकं पडतात, पण पॅनकेक चपटा. लिंबानेच करायचा असेल तर दूध पाऊण कपावर आणा, लिंबू दोन टीस्पून, सोडा मात्र या मापात दोन्हीकडे पाव टीस्पूनच्या वर नको.

पॅनकेक तव्यावर पांढरा राहतोय, भाजल्यासारखा दिसतच नाही, असं झालं तर आच वाढवण्याआधी दही चाखा. जास्त आम्लात रंग चढत नाही, आच वाढवली की बाहेरून करपतो आणि आत कच्चा. अशा वेळी उरलेल्या पिठात सोड्याची अगदी चिमूट टाकून हलकेच हलवा, पुढचा घाणा सोनेरी येतो. पण मग लगेच घाला, सोड्याचा गॅस भांड्यातच सुटून जातो, पंधरावीस मिनिटं पीठ तसंच ठेवलंत तर शेवटचे पॅनकेक पहिल्यांपेक्षा स्पष्ट चपटे होतील.