रात्रीच्या घामासाठी गॅबापेंटिन घ्यावी की कमी डोसची डिप्रेशनची गोळी?

माझी मोठी जाऊ नाशिकमध्ये इंदिरानगरला राहते आणि पंचवटीतल्या एका शाळेत सकाळच्या सत्रात शिकवते. पहाटे साडेपाचला उठून डबा करायचा आणि साडेसहाला स्कूटर बाहेर काढायची, असा तिचा दिवस. वय ५२, पाळी जाऊन दीड वर्ष झालं. या जानेवारीत निफाडकडे द्राक्षबागांमध्ये शेकोट्या पेटत होत्या, तेव्हा ही रात्री दोन वाजता स्वेटरशिवाय गॅलरीत उभी असायची. छातीतून वाफ चढायची, गाऊन चिंब व्हायचा, मग हुडहुडी भरायची. रात्रीतून असं तीनदा. दिवसा मात्र एखादी वाफ आली तर आली.

मी औषधाच्या दुकानात बसते, बी.फार्म. आहे, म्हणून डॉक्टरांकडून परतताना ती माझ्याकडे आली. डॉक्टरांनी तिच्यापुढे दोन पर्याय ठेवले होते आणि विचार करून या म्हणाले होते. "अगं, तूच सांग ना कुठली घेऊ." मी गोळी निवडून देणार नव्हते, पण निवडताना काय बघायचं ते आम्ही दोघींनी ओट्याशी बसून कागदावर मांडलं.

आधी एक गोष्ट. या घामावर सगळ्यात परिणामकारक उपाय हॉर्मोनच आहे. हिला मात्र बाळंतपणानंतर पायात रक्ताची गुठळी झाली होती, त्यामुळे डॉक्टरांनी तो विषय बाजूला ठेवला. तुमच्याबाबत असं काही नसेल, तर हॉर्मोनची चर्चा झाल्याशिवाय पुढच्या तुलनेत शिरू नका. शिवाय रात्रीचा प्रत्येक घाम पाळीचा नसतो. थायरॉइडची गोळी जास्त होत असेल, मधुमेहाच्या औषधाने रात्री साखर उतरत असेल, तरी घाम फुटतो. संध्याकाळचा ताप, खोकला आणि वजन घटणं सोबत असेल तर टीबीची तपासणी आधी. जाऊबाई थायरॉइडची गोळी घेतात, म्हणून टीएसएच करून घेतलं. ठीक निघालं.

आता गॅबापेंटिन. मूळची ही फिट्सची आणि नसांच्या दुखण्याची गोळी. मेंदूतल्या तापमानाच्या केंद्रावर ती नेमकी कशी चालते ते अजून पूर्ण उलगडलेलं नाही, पण घामाच्या लाटा कमी होतात आणि झोपही येते. गुंगी हा तिचा दोष, आणि रात्री तोच उपयोगाचा. म्हणून ज्यांचा त्रास मुख्यतः रात्रीचा आहे, त्यांना डॉक्टर ती देतात. सुरुवात झोपण्याआधी १०० किंवा ३०० मिलिग्रॅमने होते, मग गरजेप्रमाणे हळूहळू ६०० किंवा ९०० पर्यंत. घामावरच्या अभ्यासांत दिवसाला ९०० वापरलेलं आहे, काहींत २४००सुद्धा. पण डोस दुप्पट केला म्हणून परिणाम दुप्पट होत नाही. आतड्यात ही गोळी शोषून घेणारी वाट अरुंद आहे, एकदम जास्त लोटलं की बरंचसं वाया जातं. दिवसाला ९०० तीन वेळा विभागून घेतलं तर साधारण ६० टक्के रक्तात पोचतं, २४०० घेतलं तर ३४ टक्केच. मनानेच दोन-दोन कॅप्सूल घेणाऱ्यांना मी हेच सांगते.

जाऊबाईंच्या दृष्टीने कळीचा प्रश्न सकाळचा होता. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत रक्तातली पातळी शिगेला पोचते आणि नंतर दर पाच ते सात तासांनी निम्मी होते. रात्री अकराला घेतली तर शिखर एक-दोनला, आणि सकाळी साडेसहाला स्कूटर काढताना निम्म्याहून जास्त असर अंगात. द्वारका चौक त्या अवस्थेत ओलांडायचा नाही. तीच गोळी नऊला घेतली तर शिखर बाराच्या आत, म्हणजे पहिल्या घामाच्या आधी, आणि सकाळपर्यंत ती बरीच उतरलेली. एवढ्या दोन तासांनी फरक पडतो. तरीही पहिले आठ-पंधरा दिवस डोकं जड राहणं, तोल जाणं, पाय लटपटणं हे होऊ शकतं, आणि बहुतेकींचं दोन ते चार आठवड्यांत निवळतं. या काळात रात्री बाथरूमला जाताना दिवा लावून, भिंतीला हात लावून जावं. पाय सुजणं आणि वजन वाढणं हेही काहींना होतं.

गॅबापेंटिन यकृतात मोडत नाही, जशीच्या तशी मूत्रपिंडातून बाहेर पडते. म्हणून डोसची मर्यादा किडनी ठरवते. रक्ताच्या रिपोर्टवरचा नुसता क्रिएटिनिनचा आकडा फसवा असतो, किडनी किती वेगाने रक्त गाळते याचा हिशेब करावा लागतो. १४० मधून वय वजा करा, किलोतल्या वजनाने गुणा, क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागा, आणि बाईचं असेल तर ०.८५ ने गुणा. जाऊबाईंचं वजन ६०, क्रिएटिनिन ०.९, म्हणजे उत्तर ६९ च्या आसपास. चिंता नाही. तेच क्रिएटिनिन १.४ असतं, जे रिपोर्टवर "थोडंसंच जास्त" वाटतं, तर उत्तर ४५ च्या आत आलं असतं. ६० च्या खाली गेलं की दिवसाचा एकूण डोस साधारण निम्म्यावर आणतात, ३० च्या खाली आणखी कमी. बीपी किंवा शुगर जुनी असेल, तर हा रिपोर्ट हातात असल्याशिवाय डोस वाढवायचा नाही. किडनी मंद आणि डोस तोच ठेवला, तर सकाळची गुंगी दिवसेंदिवस वाढत जाते. ती निवळत नाही, हीच खूण.

दुसरा पर्याय कमी डोसच्या डिप्रेशनच्या गोळ्यांचा. नाव ऐकूनच जाऊबाईंचा चेहरा पडला. "मला काय वेड लागलंय का?" नाही. घामासाठी यांचा डोस बऱ्याचदा कमी असतो आणि परिणामही लवकर, एक-दोन आठवड्यांत दिसतो. मन उचलायला लागतात तेवढे आठवडे इथे लागत नाहीत. अमेरिकेत खास याच कामासाठी २०१३ साली पॅरोक्सेटिन ७.५ मिलिग्रॅम रात्री झोपताना घ्यायला मंजूर झाली. आपल्याकडे डॉक्टर बहुधा १० ची गोळी लिहितात. एस्सिटालोप्राम ५ वरून १० वर नेतात, गरज पडली तर २० वर, त्यापुढे नाही. व्हेनलाफॅक्सिन ३७.५ पासून, सकाळी जेवणासोबत, आणि बीपीवर लक्ष ठेवून, कारण ती बीपी चढवू शकते.

या तिघींत झोपेचा हिशेब वेगवेगळा आहे. पॅरोक्सेटिन सुस्ती आणते, म्हणून रात्री. एस्सिटालोप्रामचं माणसागणिक बदलतं. कुणाला झापड येते, ती रात्री घेते, तर कुणाची झोप उडते, ती सकाळी घेते. व्हेनलाफॅक्सिनने झोप उडण्याचीच शक्यता जास्त. म्हणजे या झोपेच्या गोळ्या नव्हेत. घाम कमी होतो म्हणून झोप लागते, एवढंच. दिवसाही वाफा येतात, चिडचिड आणि उदासी सोबत आहे, सकाळी डोकं स्वच्छ हवं आहे, अशा बाईला हा गट जास्त जुळतो. त्रास म्हणजे सुरुवातीची मळमळ, शरीरसंबंधाची इच्छा कमी होणं, आणि साठीनंतर रक्तातलं सोडियम उतरणं. एक विचित्र गोष्टही आहे. याच गोळ्यांनी काहींना घाम येतो! त्या घामाआधी वाफ नसते, छाती-चेहरा तापत नाही, नंतर हुडहुडीही नाही, आणि तो गोळी सुरू झाल्यावर किंवा डोस वाढवल्यावरच सुरू झालेला असतो. तसं असेल तर डोस वाढवून घाम वाढतच जाईल. स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल तर पॅरोक्सेटिन टाळतात, कारण ती टॅमॉक्सिफेनला नीट काम करू देत नाही.

दुकानात मला सगळ्यात जास्त खटकतात त्या जोडगोळ्या. गॅबापेंटिनच्या नावापुढे 'एनटी' असेल तर त्यात नॉरट्रिप्टिलिन हे दुसरं औषधही आहे. तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, गुंगी दुप्पट. एस्सिटालोप्रामच्या नावापुढे 'प्लस' असेल तर बहुतेक वेळा आत क्लोनाझेपाम असतं. बाई म्हणते, या गोळीने छान झोप लागते. झोप क्लोनाझेपामने लागते आणि सवयही त्याचीच जडते. मग घामाची गोळी बंद करायला गेलं की झोप उडते आणि दोष पाळीला जातो. एकदा एका बाईंकडे वर्षभर हेच चाललं होतं, त्यांना त्यात दोन औषधं आहेत हेच माहीत नव्हतं. गोळ्यांची पट्टी उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचायची. नुसत्या झोपेच्या गोळीचंही तेच. झोलपिडेम घामाला हात लावत नाही, आणि २०१३ मध्ये अमेरिकेतल्या औषध नियामकांनी बायकांचा डोस १० वरून ५ वर आणला, कारण सकाळी गाडी चालवताना ती अंगात राहत होती.

जाऊबाईंच्या कपाटात गुडघ्यासाठीची ट्रामाडॉल-पॅरासिटामॉलची पट्टी निघाली. ती दोन्ही पर्यायांसोबत घातक. गॅबापेंटिनसोबत गुंगी इतकी खोल जाऊ शकते की श्वास मंदावतो. डिप्रेशनच्या गोळीसोबत सेरोटोनिन वाढून थरथर, ताप, धडधड होऊ शकते. पट्टी डॉक्टरांना दाखवून बंद केली. अॅसिडिटीचं पातळ जेल मात्र चालेल, गॅबापेंटिनच्या दोन तास आधी.

त्यांनी आणि डॉक्टरांनी गॅबापेंटिन निवडली. पहिली १०० ची गोळी शनिवारी रात्री नऊला घेतली, म्हणजे रविवार गुंगीला मोकळा. सोमवार ते बुधवार मोठ्या दिरांनी शाळेत सोडलं. आठवड्याने ३००. वहीत रोज सकाळी दोनच गोष्टी लिहायच्या, किती वेळा उठले आणि स्कूटर काढताना डोकं कसं होतं. चौथ्या आठवड्यात तीनाचं एक झालं. डॉक्टरांनी ६०० करून पाहिलं, घाम तेवढाच राहिला आणि पहिल्या तासाला फळ्यावरची ओळ तिरकी जायला लागली, म्हणून परत ३०० वर आणलं. पुढे बंद करायची वेळ आली तर एकदम नाही, एक-दोन आठवड्यांत उतरवत. पॅरोक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिनलाही हा नियम लागू, नाहीतर चक्कर येते आणि डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं होतं.

बंद करून बघायचं एप्रिलमध्ये ठरलं होतं. पण एप्रिलच्या नाशकात पंख्याखालीही उशी ओली होते. तो घाम मानेला आणि पाठीला सतत येत राहतो, छातीतून उसळत नाही, तरी वहीत दोन्हींची सरमिसळ व्हायला लागली. म्हणून तारीख पाऊस सुरू झाल्यानंतरची टाकली आहे.